क्ष स्वस्त झाली, य तेवढीच राहिली. मग पर्यायता परिणाम गेला कुठे?

प्रश्न: अंदाजपत्रक रेषा समवृत्ती वक्राला जिथे स्पर्श करते तिथे उपभोक्त्याचा समतोल असतो हे पाठ आहे, पण तिथेच का ते नीट कळलेलं नाही. एका गणितात समाधान = क्ष × य, उत्पन्न ७२, यची किंमत १ आणि क्षची किंमत ९ वरून ४ झाली असं दिलंय. मी सोडवलं तर यची मागणी आधीही ३६ आणि नंतरही ३६. य बदललीच नाही, म्हणजे पर्यायता परिणाम शून्य ना? उत्तरसूचीत तो २ आहे आणि वर्गातल्या मैत्रिणीचा २.५ आलाय. नक्की बरोबर काय?

उत्तर:

२ बरोबर आहे आणि २.५ सुद्धा बरोबर आहे. ती दोन वेगळ्या पद्धतींची उत्तरं आहेत. शून्य मात्र चूक आहे. तुम्ही यचा फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा पाहिलात. मधल्या वाटेत य एकदा १२ नगांनी खाली येते आणि मग १२ नगांनी वर जाते, म्हणून शेवटी काहीच घडलं नाही असं दिसतं. ही मधली वाट कशी शोधायची तेच खाली सांगतो. पण ती शोधताना स्पर्शाची अट तीनदा वापरावी लागते, तेव्हा आधी तीच नीट समजून घेऊ.

अंदाजपत्रक रेषेपासून सुरुवात करू. जुन्या किमतींना ती ९क्ष + य = ७२ अशी आहे. सगळे पैसे क्षवर घातले तर ८ नग, सगळे यवर घातले तर ७२ नग. उतार ९. (उतार खरा तर ऋण आहे, पण सोयीसाठी चिन्ह सोडून फक्त आकडा घेतात, मीही इथे तेच करतोय.) या ९ चा अर्थ असा की, बाजारात क्षचा एक नग जास्त हवा असेल तर यचे नऊ नग सोडावे लागतील. उपभोक्त्याला काय आवडतं याचा या आकड्याशी काहीही संबंध नाही. बाजारात ज्या दराने अदलाबदल होते, तो हा दर.

समवृत्ती वक्र बरोबर उलट गोष्ट सांगतो. त्यात किमतीही नाहीत आणि उत्पन्नही नाही, आहे ती फक्त आवडनिवड. तुमच्या गणितात क्ष × य = १०८ हा एक वक्र घ्या. त्यावर (२, ५४), (३, ३६), (४, २७), (६, १८) असे संच येतात आणि उपभोक्त्याला हे सगळे सारखेच. या वक्राचा उतार म्हणजे सीमांत पर्यायता दर: क्षचा थोडा जास्त भाग मिळावा म्हणून समाधान न घटू देता तो यचा किती त्याग करायला तयार आहे, तो दर. समाधान क्ष × य असेल तर क्षची सीमांत उपयोगिता य इतकी आणि यची सीमांत उपयोगिता क्ष इतकी येते, म्हणून हा दर य ÷ क्ष. (२, ५४) वर तो २७ आहे, (६, १८) वर अवघा ३. क्ष जसजशी वाढते आणि य घटते तसा तो कमी होत जातो, आणि म्हणूनच वक्र आरंभबिंदूकडे बहिर्वक्र असतो.

इथे एका गोष्टीत बरेच जण अडखळतात. (२, ५४) वर दर २७ आहे म्हणता, पण तिथून (३, ३६) वर जाताना यचे १८ च नग सोडले, मग २७ कुठून आला? २७ हा त्या बिंदूवरचा, अगदी लहानशा बदलासाठीचा दर आहे. एक पूर्ण नग सरकेपर्यंत दर वाटेत घसरत घसरत १२ वर येतो, आणि १८ ही त्या संपूर्ण तुकड्याची सरासरी. स्पर्शाच्या अटीत नेहमी बिंदूवरचा दर घ्यायचा, तुकड्याची सरासरी नाही.

आता हे दोन दर समोरासमोर ठेवा. समजा उपभोक्ता अंदाजपत्रक रेषेवर (२, ५४) या संचावर आहे. पैसे पूर्ण खर्च झालेत: १८ अधिक ५४, एकूण ७२. क्षचा थोडा जास्त भाग मिळवण्यासाठी तो २७ या दराने य सोडायला तयार आहे, बाजार मात्र ९ च्या दराने मागतोय. जेवढी किंमत मोजायची त्याची तयारी आहे त्यापेक्षा खूप कमी किंमत पडतेय, तर तो क्ष घेणारच. (३, ४५) वर आला की समाधान १०८ वरून १३५ होतं. तिथे त्याचा दर १५, बाजाराचा अजूनही ९, म्हणून आणखी पुढे. (४, ३६) वर समाधान १४४ आणि त्याचा दर बरोबर ९. त्याच्याही पुढे (५, २७) वर गेला तर समाधान परत १३५, आणि (६, १८) वर परत १०८, कारण तिथे त्याची तयारी फक्त ३ ची आहे आणि बाजार ९ घेतोय.

म्हणजे (२, ५४) आणि (६, १८) हे दोन्ही संच रेषेवरही आहेत आणि १०८ च्या वक्रावरही. तो वक्र रेषेला दोन ठिकाणी छेदतो. जिथे छेद आहे तिथे दोन दर वेगळे असतात, आणि दर वेगळे असले की तेवढ्याच पैशात सरकून जास्त समाधान मिळवायला जागा उरते. दोन दर सारखे झाले की ती जागा संपते. स्पर्शाला समतोल म्हणायचं कारण एवढंच. १४४ च्या वक्रावर क्ष ३ असताना य ४८ लागते, पण रेषा ४५ च देते. क्ष ५ असताना २८.८ लागते आणि रेषा २७ देते. सगळा वक्र रेषेच्या बाहेर आहे, फक्त (४, ३६) वर तो तिला टेकतो. त्याच्या वरच्या कुठल्याही वक्रावर परवडणारा एकही संच नाही.

हीच अट सीमांत उपयोगितेच्या भाषेत लिहिली तर क्षवर खर्च केलेल्या शेवटच्या एककातून मिळणारं समाधान (३६ ÷ ९ = ४) आणि यवर खर्च केलेल्या शेवटच्या एककातून मिळणारं समाधान (४ ÷ १ = ४) सारखं असतं. पण १४४ किंवा ४ हे आकडे समाधानाचं माप आहेत असं मानू नका. समाधान (क्ष × य) चा वर्ग असं दिलं असतं तर १४४ च्या जागी २०७३६ आलं असतं, पण वक्र तेच, दोन सीमांत उपयोगितांचं गुणोत्तर तेच आणि उत्तरही (४, ३६) हेच राहिलं असतं. समवृत्ती वक्रांची आकृती एजवर्थ यांनी १८८१ मध्ये मांडली तेव्हा ते समाधान मोजता येतं असंच धरून चालले होते. मोजमाप सोडून फक्त पसंतीक्रमावर संपूर्ण मागणी सिद्धांत उभा करण्याचं काम हिक्स आणि ॲलन यांनी १९३४ मध्ये केलं. आज या आकृतीत उरतो तो क्रम, समाधानाचे आकडे फक्त वक्रांना नावं देण्यापुरते.

स्पर्शाच्या अटीला मर्यादा आहेत, आणि त्या माहीत नसतील तर अट नको तिथे लावली जाते. वक्र बहिर्वक्र नसून उलटा, अंतर्वक्र असेल तर स्पर्शबिंदू हा रेषेवरचा सगळ्यात वाईट संच ठरतो. तिथे उपभोक्ता एका टोकाला जातो. दोन्ही वस्तू एकमेकींच्या पूर्ण पर्यायी असतील तर वक्र सरळ रेषा होतो, आणि दर कुठेच सारखे होत नाहीत किंवा सगळीकडेच सारखे असतात. समजा समाधान ५क्ष + य आहे. त्याची तयारी नेहमी ५ ची, बाजार मागतो ९, म्हणून तो क्ष घेतच नाही: (०, ७२). तिथे दर समान नाहीत तरीही तो समतोल आहे, कारण क्ष आणखी कमी करायला शून्याच्या खाली जागाच नाही. तेव्हा अट लिहिताना ‘दोन्ही वस्तूंचं प्रमाण शून्यापेक्षा जास्त असेल तर’ हे शब्द लिहाच. परीक्षक म्हणून मी ते शब्द उत्तरात शोधतो, कारण ते लिहिणाऱ्याला अट नुसती पाठ नाही, समजलीय हे त्यावरून कळतं.

आता किंमत कमी करू. क्षची किंमत ४ झाली की नवी रेषा ४क्ष + य = ७२. यच्या अक्षावरचं टोक ७२ वरच राहतं, कारण फक्त य घ्यायची ठरवली तर क्ष स्वस्त होऊन काहीच फरक पडत नाही. क्षच्या अक्षावरचं टोक ८ वरून १८ वर जातं. रेषा एका टोकावर फिरते, समांतर सरकत नाही. समांतर सरकते ती उत्पन्न बदललं तर. या ठिकाणी आकृती चुकली की पुढचं सगळंच चुकतं.

नवा समतोल: य ÷ क्ष = ४ आणि ४क्ष + य = ७२. दुसऱ्यात पहिलं घातलं की ८क्ष = ७२, म्हणून क्ष ९, य ३६. तुम्हाला हेच मिळालं. क्षची मागणी ४ वरून ९, म्हणजे किंमत परिणाम ५ नगांचा. या पाचांपैकी किती नग ‘क्ष आता यच्या तुलनेत स्वस्त आहे’ या कारणाने आले आणि किती ‘माझे पैसे आता जास्त पुरतात’ या कारणाने आले, हा खरा प्रश्न आहे. किंमत कमी होते तेव्हा ही दोन्ही कारणं एकाच क्षणी लागू होतात. प्रत्यक्षात ती वेगळी दिसत नाहीत, म्हणून वेगळी करण्यासाठी एक काल्पनिक रेषा काढावी लागते.

हिक्स यांची रीत अशी. किंमत नवी ठेवायची, पण उपभोक्त्याकडून एवढे पैसे काढून घ्यायचे की तो जुन्याच समाधानावर, म्हणजे १४४ च्या वक्रावर राहील. आकृतीत नव्या रेषेला समांतर रेषा काढायची आणि ती जुन्या वक्राला टेकेपर्यंत आरंभबिंदूकडे सरकवायची. इथे पुन्हा स्पर्शाची अट: य ÷ क्ष = ४, आणि क्ष × य = १४४. पहिल्यावरून य = ४क्ष, म्हणून ४क्ष² = १४४, क्ष ६ आणि य २४. हा संच घ्यायला २४ + २४ = ४८ लागतात. म्हणजे उपभोक्त्याकडून ७२ − ४८ = २४ काढून घेतले तरी तो पूर्वीइतकाच समाधानी आहे.

जुन्या संचाला अ (४, ३६), काल्पनिक संचाला ब (६, २४) आणि अंतिम संचाला क (९, ३६) म्हणू. अ ते ब ही वाटचाल एकाच वक्रावरची, समाधान तेच, फक्त दर बदलला: क्ष २ नगांनी वाढली, य १२ नगांनी घटली. हा पर्यायता परिणाम. ब ते क या वाटचालीत दर ४ च राहतो, पण काढून घेतलेले २४ परत दिले जातात: क्ष आणखी ३ नगांनी वाढते, य १२ नगांनी वाढते. हा उत्पन्न परिणाम. २ आणि ३ मिळून ५. यसाठी उणे १२ आणि अधिक १२ मिळून शून्य.

तुमच्या शंकेचं उत्तर इथे आहे. य बदलली नाही याचा अर्थ पर्यायता झाली नाही असा होत नाही. पर्यायता झाली, उत्पन्न परिणामाने तिची बरोबर भरपाई केली आणि दोन्ही आकडे एकमेकांत विरून गेले. ते इतके नेमके विरण्याचं कारण समाधानाच्या सूत्रात आहे. समाधान क्ष × य असेल तर उपभोक्ता किंमत काहीही असो, उत्पन्नाचा अर्धा भाग क्षवर आणि अर्धा यवर खर्च करतो. क्षवर आधी ९ × ४ = ३६, नंतर ४ × ९ = ३६. यसाठी कायम ३६ उरतात, यची किंमत १, म्हणून य ३६. हा त्या सूत्राचा गुण आहे. सगळ्या पसंतींना तो लागू होत नाही.

मैत्रिणीने स्लट्स्की यांची रीत वापरली असणार. यूजीन स्लट्स्की यांनी १९१५ मध्ये ही विभागणी मांडली. ती हिक्सपेक्षा आधीची आहे आणि तिला वक्राची गरज लागत नाही. जुनं समाधान टिकवण्याऐवजी ते जुना संच विकत घेण्याची ऐपत टिकवतात. अ हा संच नव्या किमतीला ४ × ४ + ३६ = ५२ ला पडतो, म्हणून काढून घ्यायचे ७२ − ५२ = २०. हेच २० एका झटक्यात मिळतात: जुनं प्रमाण ४, किमतीतली घट ५, गुणाकार २०. आता ४क्ष + य = ५२ या रेषेवर य ÷ क्ष = ४ लावलं की ८क्ष = ५२, क्ष ६.५, य २६. पर्यायता परिणाम ४ ते ६.५ म्हणजे २.५, उत्पन्न परिणाम ६.५ ते ९ म्हणजे २.५.

दोन रीतींत फरक का पडतो हे नीट पाहा. स्लट्स्कींच्या काल्पनिक रेषेवर उपभोक्त्याला अ परवडतो, पण तो अ घेत नाही. नव्या दरांना अवर स्पर्शाची अट मोडलेली आहे: त्याची तयारी ९ ची, बाजार मागतो ४. म्हणून तो त्याच पैशात क्षकडे सरकतो आणि ६.५ × २६ = १६९ समाधानावर पोचतो. १६९ हे १४४ पेक्षा वरचं आहे. म्हणजे २० काढून घेऊनही तो आधीपेक्षा जास्त समाधानी उरला. त्याला खरोखर जुन्या वक्रावर आणायचं तर आणखी ४ काढावे लागतात, आणि २० + ४ = २४ हाच हिक्स यांचा आकडा. किमतीतली घट लहान असेल तर हा फरक फारच लहान होतो. ९ वरून ४ ही मोठी घट आहे, म्हणून तो डोळ्यांत भरतोय. प्रश्नात कोणती रीत हवी ते सांगितलेलं नसेल तर कोणती वापरली ते पहिल्याच ओळीत लिहा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांच्या वर्गात बहुधा हिक्स यांची आकृती शिकवतात, म्हणून उत्तरसूचीत २ आला असावा.

काल्पनिक रेषा चुकीच्या वक्राला टेकवणं ही सगळ्यात नेहमीची चूक. नव्या उताराची रेषा जुन्या वक्राला टेकली पाहिजे. काही जण जुन्या उताराची रेषा नव्या वक्राला टेकवतात. तेही एक मोजमाप आहे, पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे: किंमत कमी न करता उपभोक्त्याला तेवढंच समाधान द्यायचं तर किती पैसे द्यावे लागले असते. इथे नवं समाधान ९ × ३६ = ३२४ आहे. जुन्या किमतींना तिथे पोचायला क्ष ६, य ५४ लागतात, खर्च १०८, म्हणजे ३६ जास्त. २४ आणि ३६ हे दोन आकडे एकाच घटीचे आहेत, पण पहिला नव्या किमतीत मोजलेला आणि दुसरा जुन्या किमतीत. यांची सरमिसळ झाली की उत्पन्न परिणाम आणि पर्यायता परिणाम जागा बदलतात आणि बेरीज पाचच येते, म्हणून चूक लक्षातही येत नाही. ओळखायची खूण एकच: अ आणि ब एकाच वक्रावर आहेत का? क्ष × य दोन्हीकडे १४४ येतं का ते गुणून पाहा.

वक्राचा आकार बदलला की हीच घट किती वेगळं उत्तर देते तेही पाहू. समजा दोन्ही वस्तू एकमेकींच्या पूर्ण पूरक आहेत, क्षच्या प्रत्येक नगाबरोबर यचे ९ नग लागतातच, एक जास्तीचा असला तरी उपयोगाचा नाही. वक्र काटकोनी होतो. जुन्या किमतीला समतोल ७२ ÷ १८ = ४, पुन्हा (४, ३६). सुरुवात अगदी तुमच्या गणितासारखी. किंमत ४ झाली की ७२ ÷ १३, म्हणजे क्ष सुमारे ५.५४ आणि य सुमारे ४९.८५. आता काल्पनिक रेषा जुन्या काटकोनाला टेकवा: ती पुन्हा त्याच कोपऱ्यावर, (४, ३६) वरच टेकते. पर्यायता परिणाम शून्य आणि पूर्ण वाढ उत्पन्न परिणामाची. गंमत अशी की जिथे पर्यायता परिणाम खरोखर शून्य आहे तिथे य बदलली आहे, आणि तुमच्या गणितात य बदलली नाही तिथे तो शून्य नव्हता. यच्या आकड्यावरून पर्यायता ठरवायची नाही हे यावरून पक्कं करा. या काटकोनी वक्राला कोपऱ्यावर एकच असा उतार नसतो, म्हणून तिथे दर समान करायचा प्रयत्नही करू नका. कोपऱ्याचं समीकरण आणि रेषेचं समीकरण एकत्र सोडवा.

बहिर्वक्र वक्रावर पर्यायता परिणामाची दिशा ठरलेली आहे. रेषा कमी उतरती झाली की तिचा त्याच वक्रावरचा स्पर्शबिंदू उजवीकडेच सरकतो, म्हणून स्वस्त झालेल्या वस्तूची मागणी या परिणामाने कधी घटत नाही. उत्पन्न परिणामाला अशी सक्ती नाही. क्ष निकृष्ट वस्तू असेल, म्हणजे उत्पन्न वाढल्यावर ती कमी घेतली जात असेल, तर ब ते क ही वाटचाल डावीकडे होते. समजा वेगळ्या पसंती असलेल्या उपभोक्त्याचे अ आणि ब हेच आहेत, पण क (५, ५२) आहे. पर्यायता परिणाम अधिक २, उत्पन्न परिणाम उणे १, आणि मागणी तरीही ४ वरून ५ झाली. क्ष निकृष्ट आहे, पण मागणीचा नियम मोडला नाही. क जर (३, ६०) असेल तर उत्पन्न परिणाम उणे ३, तो पर्यायता परिणामावर मात करतो आणि किंमत कमी होऊनही मागणी घटते. हीच गिफेन वस्तू. प्रत्येक गिफेन वस्तू निकृष्ट असते, पण प्रत्येक निकृष्ट वस्तू गिफेन नसते. कारण त्यासाठी उणे उत्पन्न परिणाम नुसता असून भागत नाही, तो पर्यायता परिणामापेक्षा मोठा असावा लागतो. आणि उत्पन्न परिणाम मोठा व्हायला त्या वस्तूवर आधीपासून बराच खर्च होत असला पाहिजे. स्लट्स्कींचे २० कसे आले ते आठवा: जुनं प्रमाण गुणिले किमतीतली घट. जुनं प्रमाण ४ ऐवजी ०.१ असतं तर पैशांची मोकळीक अवघी ०.५ झाली असती, आणि तेवढ्याने कुणी फारसं बदलत नाही.

किमतीत बदल होत जाताना मिळणारे समतोल बिंदू जोडले की किंमत उपभोग वक्र मिळतो. तुमच्या गणितात तो य ३६ या उंचीवर आडवा आहे. आडवा म्हणजे यवरचा खर्च स्थिर, म्हणून क्षवरचा खर्चही स्थिर, म्हणून क्षच्या मागणीची किंमत लवचीकता एक. पूरक वस्तूंच्या उदाहरणात तो वर चढतो: यवर ४९.८५ खर्च झाले, क्षवर ३६ ऐवजी सुमारे २२.१५ च उरले, मागणी अलवचीक. तो खाली उतरत असता तर मागणी लवचीक असती. यचा आकडा पाहायचा तो यासाठी. लवचीकता त्यातून कळते, पर्यायता नाही.

मागणी वक्र काढायचा तर किंमत ९ ला ४ आणि किंमत ४ ला ९ हे बिंदू घ्या. किंमत ९ ला ४ आणि किंमत ४ ला ६ हे बिंदू घेतले तर भरपाई झालेला मागणी वक्र मिळतो. त्यात समाधान १४४ वर बांधून ठेवलेलं आहे आणि फक्त पर्यायता परिणाम दिसतो. किंमत उभ्या अक्षावर घेतली तर हा दुसरा वक्र जास्त उभट आहे, कारण क्ष सामान्य वस्तू आहे आणि उत्पन्न परिणाम पहिल्या वक्रात भर घालतोय. क्ष निकृष्ट असती तर पहिला वक्र जास्त उभट झाला असता. वर (५, ५२) आणि (६, २४) घेऊन दोन्ही वक्र काढून पाहा, आकृती उलटलेली दिसेल.